क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढवून मागताना: बँकेला पटेल असं पत्र कसं लिहावं

लिमिट वाढवून मागणारी बहुतेक पत्रं एकसारखी असतात. "मी आपला जुना ग्राहक आहे, माझे व्यवहार चांगले आहेत, तरी लिमिट वाढवून द्यावे." यातलं एकही वाक्य खोटं नसतं, पण पत्र वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मी काही वर्षं बँकेच्या पत विभागात असे अर्ज वाचले आहेत. अर्ज मंजूर करायचा तर अधिकाऱ्याला फाइलवर दोन-चार ओळींचा शेरा लिहावा लागतो: उत्पन्न किती वाढलं, परतफेड कशी आहे, किती लिमिट द्यावं आणि तेवढंच का. त्या ओळी त्याला तुमच्या पत्रातून उचलता आल्या पाहिजेत, आणि सोबतच्या कागदांवर दोन मिनिटांत ताडून पाहता आल्या पाहिजेत. चांगलं पत्र म्हणजे एवढंच, पण त्याची तयारी पत्र लिहायला बसण्याच्या आधी करावी लागते.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. एक बाई एका छपाई कंपनीत हिशेबनीस आहेत. कार्ड ३८ महिन्यांपूर्वी घेतलं, लिमिट ६०,०००. तेव्हा हातात येणारा पगार ३२,००० होता, आता ५२,००० आहे. वाहनकर्जाचा हप्ता ४,५०० आहे आणि त्याचे आठ हप्ते उरलेत. दुसऱ्या बँकेचं ४०,००० लिमिटचं एक कार्ड आहे, ते फारसं वापरात नाही. परतफेडीत एकदा चार दिवसांचा उशीर झाला आहे. आकडे तुमच्या चलनात आणि तुमच्या पगाराप्रमाणे बदलून घ्या, हिशोबाची रीत तीच राहते.

आधी बारा स्टेटमेंट समोर ठेवा

मागच्या बारा महिन्यांची कार्डाची स्टेटमेंट काढा आणि एका कागदावर चार रकाने आखा: स्टेटमेंटची एकूण रक्कम, ड्यू डेट, पैसे जमा झाल्याची तारीख, भरलेली रक्कम. तिसऱ्या रकान्यात तुम्ही पैसे पाठवल्याची तारीख लिहू नका, कार्डाच्या खात्यात जमा झाल्याची लिहा. दुसऱ्या बँकेतून पाठवलेले पैसे जमा व्हायला एखादा दिवस लागू शकतो, आणि बँक तिच्याकडची तारीखच धरते. परत केलेल्या खरेदीचे पैसे कार्डावर जमा झाले असतील तर तेही या रकान्यात घेऊ नका. ती परतफेड नव्हे.

आता चौथा रकाना पहिल्या रकान्याशी ताडून बघा. दोन माणसं "मी कधीच उशीर केला नाही" असं तितक्याच खरेपणाने म्हणू शकतात. एक जण दर महिन्याला पूर्ण रक्कम भरतो. दुसरा दर महिन्याला फक्त किमान देय रक्कम भरतो आणि बाकी पुढे ढकलतो. दोघांच्याही नावावर उशिराची नोंद नाही, पण अधिकाऱ्याला दुसऱ्याच्या खात्यात दर महिन्याला फुगत जाणारी बाकी दिसते. तुम्ही त्या दुसऱ्या स्थितीत असाल तर हे पत्र आत्ता लिहू नका. तुम्हाला वेगळं पत्र लागेल, बाकी रक्कम ठरावीक हप्त्यांत बदलून मागणारं. आधी बाकी खाली आणा, निदान सहा महिने पूर्ण भरणा करा आणि मग लिमिटचा विषय काढा.

आणखी दोन गोष्टी या कागदांवर शोधा. पहिली, कार्डावरून रोख रक्कम काढली आहे का? रोखीवर साधारणपणे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, त्यामुळे जो वारंवार कार्डावरून रोख काढतो त्याला दुसरीकडून पैसे मिळत नाहीत, असा अर्थ वाचणारा काढतो. दुसरी, आपोआप पैसे वळते करण्याची सूचना खात्यात शिल्लक नसल्यामुळे परत गेली आहे का? पुढच्या दिवशी तुम्ही पैसे भरले असले तरी परत गेल्याची नोंद राहते.

आपल्या हिशेबनीस बाईंच्या कागदावर चित्र असं निघालं: बाराही महिने पूर्ण रक्कम वेळेत, सरासरी स्टेटमेंट ३८,०००. नोव्हेंबरचं सर्वात मोठं, ५४,०००, कारण त्या महिन्यात १४,५०० चा वार्षिक विमा हप्ता कार्डावर गेला. चार दिवसांचा उशीर या बारा महिन्यांच्या आधीचा, मागच्या वर्षीच्या मार्चचा.

क्रेडिट अहवाल, आणि त्यातला तारखेचा घोळ

सगळ्यांच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोचा तुमच्याबद्दलचा अहवाल बँक पाहणारच, म्हणून तिच्या आधी तुम्ही पाहा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. बँकेने कर्जाच्या विचारासाठी केलेली चौकशी मात्र नोंदली जाऊ शकते, म्हणून लिमिट वाढवताना अशी चौकशी होते का, हे ग्राहक सेवेला आधीच विचारून घ्या. बंद केलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल किंवा भलत्याच माणसाचं खातं तुमच्या नावावर आलं असेल, तर आधी ती चूक दुरुस्त करून घ्या. "अहवालातली अमुक नोंद चुकीची आहे" असं पत्रात लिहून काम होत नाही, कारण अधिकाऱ्याला छापील अहवालच धरावा लागतो.

इथे एक गोष्ट जरा सावकाश समजून घ्यावी लागते, कारण शिस्तीने पैसे भरणारी माणसंही इथेच गोंधळतात. लिमिटच्या किती टक्के रक्कम वापरात आहे, हे प्रमाण अहवालात ठळक दिसतं. पण बँक ब्युरोला जो आकडा कळवते तो बहुधा स्टेटमेंट निघालेल्या दिवसाचा असतो, तुम्ही पैसे भरल्यानंतरचा नसतो. आपल्या बाईंचं स्टेटमेंट ५ तारखेला निघतं, त्या २५ तारखेच्या आत सगळे पैसे भरतात. तरीही अहवालात दर महिन्याला ६०,००० पैकी ३८,००० वापरलेले दिसतात, म्हणजे ६३ टक्के. तीस-पस्तीस टक्क्यांच्या पुढचा वापर साधारणपणे जास्त समजला जातो. म्हणजे एक पैचंही व्याज न देणारी ही बाई कागदावर ओढाताणीत असल्यासारखी दिसते.

यावर दोन उपाय आहेत. अर्जाच्या आधीचे दोन महिने स्टेटमेंट निघण्यापूर्वीच, म्हणजे १ ते ३ तारखेच्या सुमारास, बरीचशी रक्कम भरून टाकायची. मग स्टेटमेंटमध्ये बाकी कमी दिसते आणि अहवालही सुधारतो. दुसरा उपाय म्हणजे हे प्रमाणच मागणीचं कारण म्हणून पत्रात मांडायचं. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण त्यात लपवाछपवी नाही आणि अधिकाऱ्याला मागणीमागचं खरं कारण कळतं: खर्च आवाक्यात आहे, लिमिट जुन्या पगारावर ठरलेलं आहे.

उत्पन्नाचा कोणता आकडा लिहायचा

पगारपत्रकावर दोन आकडे असतात: एकूण पगार आणि कपातीनंतर हातात येणारा. बाईंचे ते ६१,००० आणि ५२,००० आहेत. पत्रात दोन्ही लिहा, पण नावं स्पष्ट लावा, आणि हिशोब हातात येणाऱ्या रकमेवर करा. बँक खात्यात तोच आकडा जमा होतो, म्हणून तो ताडता येतो. माझ्यासमोर एकदा असा अर्ज आला होता की पत्रात पगार ५८,००० आणि पगारपत्रकावर ५५,४००. अर्जदाराने कदाचित सहज पूर्णांक केला असेल, पण तो अर्ज खुलाशासाठी परत पाठवावा लागला. लिहिलेला आकडा कागदावर शेवटच्या अंकापर्यंत तसाच सापडला पाहिजे.

बोनस, जादा कामाचा मोबदला, घरभाडं यांसारखं उत्पन्न वेगळ्या ओळीत दाखवा, मासिक पगारात मिसळू नका. बाईंना वर्षातून एकदा ४०,००० बोनस मिळतो, तो त्यांनी नुसता नमूद केला आणि हिशोबात धरला नाही. अशी सावध मांडणी वाचणाऱ्याच्या मनात विश्वास तयार करते, हे मी अनेकदा अनुभवलं आहे.

पुरावा म्हणून शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं विवरण आणि ताजं आयकर विवरणपत्र एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. पगार ऑक्टोबरपासून वाढला असेल तर तेव्हापासून किती महिने तो खात्यात जमा झाला हे लिहा. बाईंच्या बाबतीत मेपर्यंत आठ महिने झाले. वाढ झाल्यावर पहिल्याच महिन्यात अर्ज केला तर टिकाऊपणा दिसत नाही. नवी नोकरी असेल तर कायम झाल्याचं पत्र हाती आल्यावरच अर्ज करा. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी निदान दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडावीत आणि दोन वर्षांची सरासरी लिहावी. फक्त चांगलं गेलेलं वर्ष पुढे केलं, तर अधिकारी दुसरं वर्ष मागवतोच.

किती मागायचं

"शक्य तितके वाढवावे" असं लिहिलं की आकडा ठरवण्याचं काम बँकेवर पडतं, आणि बँक हात राखून ठरवते. रक्कम स्वतः ठरवा आणि ती तीन बाजूंनी तपासून बघा.

पहिली बाजू वापराची. सरासरी ३८,००० आहे. लिमिट ८०,००० केलं तर वापर ४७ टक्क्यांच्या वरच राहतो, म्हणजे अडचण तशीच. १,२०,००० केलं तर ३२ टक्क्यांवर येतो, आणि ५४,००० च्या सर्वात जड महिन्यातही ४५ टक्के राहतो. २,००,००० मागितले तर वापर १९ टक्के होईल, पण एवढ्याची गरज त्यांच्या बारा स्टेटमेंटांत कुठेच दिसत नाही.

दुसरी बाजू वाईटात वाईट स्थितीची. सगळी कार्डं पूर्ण वापरली तर दरमहा भार किती पडेल? कार्डाच्या बाकीच्या ५ टक्के रक्कम मासिक भार म्हणून धरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आपणही तीच धरू. नवं लिमिट १,२०,००० आणि दुसऱ्या कार्डाचं ४०,००० मिळून १,६०,०००. त्याचे ५ टक्के म्हणजे ८,०००. वाहनकर्जाचा हप्ता ४,५०० मिळवला की १२,५००. हातात येणाऱ्या ५२,००० च्या हा २४ टक्के होतो. घरकर्जासारखा मोठा हप्ता असता आणि हे प्रमाण निम्म्याजवळ गेलं असतं, तर मागणी कमी करावी लागली असती.

तिसरी बाजू सगळ्या बँकांच्या एकत्रित लिमिटची. १,६०,००० म्हणजे साधारण तीन महिन्यांचा पगार. दुसरं कार्ड आहे हे सांगायचं टाळू नका. अहवालात ते दिसतंच, आणि तुम्ही ते लिहिलं नाही तर बाकीच्या माहितीवरही शंका येते.

खर्च एकदाच येणारा असेल, म्हणजे प्रवास किंवा घरातलं कार्य, तर कायमच्या वाढीऐवजी काही बँका ठरावीक मुदतीसाठी तात्पुरती वाढ देतात. त्यासाठी इतका खटाटोप लागत नाही.

पत्र

पत्र एका पानात बसलं पाहिजे. खाली बाईंचं पत्र देतो.

प्रति,
व्यवस्थापक, क्रेडिट कार्ड विभाग,
________ बँक

दिनांक: १० जून

विषय: कार्डाची पतमर्यादा ६०,००० वरून १,२०,००० करण्याबाबत (कार्डाचे शेवटचे चार अंक: ____)

महोदय/महोदया,

वरील कार्ड मी गेली ३८ महिने वापरत आहे. कार्ड देताना माझे निव्वळ मासिक वेतन ३२,००० होते व त्यावर ६०,००० ही मर्यादा ठरली होती. तेव्हापासून मर्यादेत बदल झालेला नाही. ती १,२०,००० करावी, ही विनंती.

उत्पन्न: मागील ऑक्टोबरपासून माझे एकूण वेतन ६१,००० व निव्वळ वेतन ५२,००० आहे. या दराने आठ महिन्यांचे वेतन खात्यात जमा झाले आहे. याशिवाय वार्षिक बोनस ४०,००० मिळतो, तो पुढील हिशोबात धरलेला नाही.

परतफेड: मागील बारा स्टेटमेंटांची पूर्ण रक्कम देय तारखेच्या आत भरली आहे. कार्डावरून रोख रक्कम काढलेली नाही. मे महिन्यापर्यंतच्या एकूण ३८ स्टेटमेंटांपैकी ३७ वेळेत भरली. मागील वर्षीच्या मार्चची रक्कम २५ तारखेऐवजी २९ तारखेला भरली गेली. वेतनाचे खाते बदलल्यामुळे स्वयंचलित भरणा झाला नव्हता. विलंब शुल्कासह पूर्ण रक्कम त्याच वेळी भरली व नव्या खात्यावरून स्वयंचलित भरणा सुरू केला. त्यानंतर उशीर झालेला नाही.

मागणीचे कारण: माझे सरासरी मासिक स्टेटमेंट ३८,००० असते, म्हणजे सध्याच्या मर्यादेच्या ६३ टक्के. नोव्हेंबरमध्ये विमा हप्त्यामुळे ते ५४,००० झाले होते. १,२०,००० मर्यादेत सरासरी वापर ३२ टक्के होईल.

इतर देणी: वाहनकर्जाचा मासिक हप्ता ४,५००, उर्वरित हप्ते आठ. दुसऱ्या बँकेचे एक कार्ड, मर्यादा ४०,०००.

रोख रक्कम काढण्याची मर्यादा आहे तीच ठेवावी. पूर्ण वाढ शक्य नसल्यास किती वाढ शक्य आहे व त्याचे कारण कृपया लेखी कळवावे.

सोबत: १. तीन महिन्यांची वेतनपत्रके २. सहा महिन्यांचे खातेविवरण ३. आयकर विवरणपत्र ४. बारा स्टेटमेंटांचा तक्ता

आपली विश्वासू,
(नाव, सही, बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक)

या पत्रातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. उशीर अर्जदारानेच सांगितला आहे: तारीख, कारण आणि नंतर केलेली दुरुस्ती, तेही चार-पाच ओळींत. चार दिवसांचा उशीर ब्युरोच्या अहवालात कदाचित दिसणारही नाही, पण याच बँकेच्या नोंदीत तो आहे. अधिकाऱ्याला तो स्वतः सापडला तर "कधीच उशीर नाही" हे वाक्य संपूर्ण पत्राला खाली ओढतं. माफीचे दोन परिच्छेद मात्र लिहू नका, त्याने लहान गोष्ट मोठी दिसते.

दुसरी गोष्ट रोखीच्या मर्यादेची. एकूण लिमिट वाढलं की रोख काढण्याची मर्यादाही त्याच प्रमाणात वाढू शकते. ती नको असेल तर आधीच सांगावं. कार्ड चोरीला गेलं तर नुकसानही तेवढं कमी.

पत्रात "सध्या पैशांची फार अडचण आहे", "घरखर्च भागत नाही" असं लिहिणारी माणसं दया मागत नसतात, खरी परिस्थिती सांगत असतात. पण पत अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो परतफेडीच्या धोक्याचा इशारा ठरतो. परिस्थिती तशीच असेल तर ती लपवून लिमिट मागू नका, वाढलेलं लिमिट त्यात भरच घालतं. वर सांगितलेली हप्त्यांची मागणी तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

पाठवताना आणि पाठवल्यावर

नेटबँकिंगमध्ये किंवा बँकेच्या अॅपमध्ये लिमिट वाढवण्याचा फॉर्म असेल तर तो भरा आणि हे पत्र पीडीएफ करून जोडा. फॉर्ममध्येही तेच आकडे भरा. शाखेत दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा.

पत्रात किंवा जोडलेल्या कागदांवर पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, पिन यांपैकी काही नको. खातेविवरणावर कार्डाचा पूर्ण क्रमांक छापलेला असेल तर मधले अंक झाका. अर्ज दिल्यानंतर "लिमिट मंजूर झालं आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि कार्डाच्या मागच्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारा. तुम्ही खरोखरच अर्ज केलेला असतो, म्हणून असा फोन खरा वाटतो.

उत्तर तीन तऱ्हेचं येऊ शकतं. पूर्ण वाढ, काही वाढ किंवा नकार. १,२०,००० ऐवजी ९०,००० मिळाले तर घ्या, बाईंचा सरासरी वापर तेवढ्यानेही ४२ टक्क्यांवर येतो. नकार आला तर कारण लेखी मागवा. कारण "उत्पन्नाचा पुरावा अपुरा" असेल तर कागद पुरवून लगेच पुन्हा विचारता येतं. "एकूण देणी जास्त" असेल तर वाहनकर्जाचे आठ हप्ते संपेपर्यंत थांबणं बरं. अहवालातली एखादी नोंद असेल तर ब्युरोकडे जावं लागेल. कारण काहीही असो, त्या आठवड्यात आणखी तीन बँकांकडे अर्ज टाकू नका. प्रत्येकाची चौकशी अहवालात नोंदली जाऊ शकते, आणि थोड्या दिवसांत बऱ्याच चौकशा दिसल्या की पुढची बँक बिचकते. सहा महिन्यांनी नवा तक्ता जोडून पुन्हा लिहा.

वाढ मिळाली तर पुढच्या स्टेटमेंटच्या वेळी तीन गोष्टी तपासा: एकूण लिमिट, रोखीची मर्यादा आणि स्वयंचलित भरण्याची सूचना. ती सूचना "पूर्ण रक्कम" अशीच हवी. लिमिट बदलल्यावर ती "किमान रक्कम" अशी झाली नाही ना, हे नेटबँकिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा.